फ्लॅट १२ टक्के की घटत्या शिलकीवर १६ टक्के?

प्रश्न: काका, आम्ही डिचोलीचे. बहिणीला कुंडईला कामावर जायला स्कूटर घ्यायची आहे, कर्ज ६० हजारांचं, दोन वर्षांसाठी. शोरूममध्ये बसलेला फायनान्सवाला म्हणतो १२ टक्के फ्लॅट, हप्ता ३,१०० रुपये. गावातली क्रेडिट सोसायटी १६ टक्के घटत्या शिलकीवर सांगते, वर दोन जामीनदार मागते. बाबा म्हणतात, बारा सोडून सोळाला कोण जाईल? मला काहीतरी खटकतंय, पण नेमकं काय ते सांगता येत नाही. स्वस्त कुठलं?

उत्तर: सोसायटीचं स्वस्त आहे, आणि फरक थोडाथोडका नाही. तिच्या १६ टक्क्यांचा हप्ता येतो २,९३८ रुपये. शोरूमचा ३,१००. रक्कम तीच, मुदत तीच, तरी ज्याचा दर चार टक्क्यांनी जास्त आहे त्याचा हप्ता १६२ रुपयांनी कमी. दोन वर्षांत सुमारे ३,९०० रुपये वाचतात. वडिलांपुढे आधी हे दोन हप्तेच ठेवा, दराचं नंतर बोला.

एक आधीच सांगून टाकतो. मी सत्तावीस वर्षं फोंड्याच्या बाजूला सहकारी पतसंस्थेच्या कर्ज विभागात काढली, म्हणजे माझा कल कुठे असणार ते उघड आहे. म्हणून माझ्या शब्दावर जाऊ नका. खाली जे आकडे देतो ते मोबाइलवर स्वतः करून बघा. आणि आमची संस्थाही एके काळी वस्तुकर्जाचा दर फ्लॅटमध्येच सांगायची, हेही कबूल करतो. समोरच्या माणसाला 'बारा' ऐकू आलं की तो सही करतो, हे आम्हाला चांगलं ठाऊक होतं.

आता खटकतंय ते काय, ते बघू. फ्लॅट दराचा हिशेब तिसरीतलं पोरही करेल. ६० हजारांवर १२ टक्के म्हणजे वर्षाला ७,२००, दोन वर्षांचे १४,४००. ते मुद्दलात मिळवले की ७४,४००. भागिले २४, हप्ता ३,१००. इतका सोपा असल्यामुळेच तो सरळ वाटतो. प्रत्येक हप्त्यात २,५०० मुद्दल आणि ६०० व्याज, पहिल्यापासून शेवटपर्यंत तेवढंच.

पण तुमच्याकडे ६० हजार किती दिवस राहतात? फक्त पहिला महिना. पहिला हप्ता भरला की साडेसत्तावन्न, दुसरा भरला की पंचावन्न. बारा हप्ते झाले की तुमच्याकडे त्यांचे ३० हजारच उरलेले असतात, तरी तेराव्या महिन्याचं व्याज ६०० च. ३० हजारांवर महिन्याला ६०० म्हणजे दोन टक्के, वर्षाचे चोवीस. शेवटच्या महिन्यात तर तुमच्याकडे त्यांचे अडीच हजार आहेत आणि त्या अडीच हजारांच्या एका महिन्याच्या वापराचे तुम्ही ६०० देता. त्या एका महिन्याचा दर चोवीस टक्के झाला. वर्षाचा नाही, महिन्याचा.

मंडपवाल्याकडून लग्नाला साठ खुर्च्या आणल्या, रोज थोड्या परत पाठवत गेलो, आणि शेवटच्या दिवशी दोन खुर्च्या घरात असताना त्याने साठ खुर्च्यांचं भाडं लावलं, तर आपण त्याच्याशी भांडू. कर्जाच्या बाबतीत भांडत नाही, कारण परत केलेल्या खुर्च्या दिसतात, परत केलेलं मुद्दल दिसत नाही.

मग खरा दर किती? आधी बोटांवर मोजण्यासारखी रीत सांगतो. शिल्लक ६० हजारांपासून उतरत उतरत शेवटच्या महिन्यात अडीच हजारांवर येते. सगळ्या चोवीस महिन्यांची सरासरी काढली तर ३१,२५०. म्हणजे दोन वर्षं तुमच्या हातात सरासरी सव्वाएकतीस हजारच होते, आणि त्यावर तुम्ही वर्षाला ७,२०० दिलेत. दर आला २३ टक्के.

हे उत्तर जवळचं आहे, पण थोडं चढं आहे. कारण आपण धरलं की दर महिन्याला मुद्दल सारखंच फिटतं. घटत्या शिलकीचा हिशेब तसा चालत नाही. त्यात हप्त्यातून आधी त्या महिन्याचं व्याज वळतं होतं आणि उरेल ते मुद्दलात जातं. सुरुवातीला शिलकी मोठी म्हणून व्याज मोठं, मुद्दल सावकाश उतरतं. त्यामुळे खरी सरासरी शिल्लक ३१,२५० ऐवजी ३३,४०० च्या आसपास येते आणि दर थोडा खाली, २१.५७ टक्क्यांवर. सोसायटी ज्या पद्धतीने १६ सांगते आहे, त्याच पद्धतीने मोजलेला शोरूमचा दर हा. तुलना बारा आणि सोळाची नाहीच. साडेएकवीस आणि सोळाची आहे. उलट बाजूनेही बघता येतं. सोसायटीचे सोळा टक्के फ्लॅटच्या भाषेत सांगायचे झाले तर ते पावणेनऊ होतात. सोसायटीच्या मॅनेजरला विक्री जमत असती तर त्यानेही "पावणेनऊ टक्के" असा बोर्ड लावला असता.

तोंडी हिशेबासाठी एवढं धरा की एक ते तीन वर्षांच्या मासिक हप्त्याच्या कर्जात फ्लॅट दराला १.८ ने गुणलं की खरा दर जवळपास मिळतो. पाच वर्षांच्या कर्जात गुणक १.७ च्या आसपास येतो, सहा महिन्यांच्या कर्जातही साधारण तेवढाच. दुप्पट म्हणणारे जरा वाढवून सांगतात, पण दिशा बरोबर असते.

नेमका आकडा हवा असेल तर मोबाइलवरच्या कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये, म्हणजे एक्सेल किंवा गुगल शीट्समध्ये, एका चौकटीत हे टाइप करा:

```
=RATE(24,-3100,60000)*1200
```

पहिला आकडा हप्त्यांची संख्या, दुसरा हप्ता, तिसरा हातात आलेली रक्कम. हप्त्यापुढे वजाचं चिन्ह विसरू नका, ते नसलं तर उत्तर येत नाही. उत्तर २१.५७ येईल. शेवटचा १२०० का? महिन्याचा दर वर्षाचा करायला बारा, आणि टक्के करायला शंभर. काही जण याच्याही पुढे जाऊन महिन्याच्या दराची चक्रवाढ धरतात. मग हाच दर २३.८ होतो. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त एकाचा एक आणि दुसऱ्याचा दुसरा घेऊन तुलना करू नका. बँका आणि सोसायट्या सांगतात तो दर बाराने गुणलेला असतो, म्हणून मी इथून पुढे तोच वापरतो.

सूत्रातल्या तिसऱ्या आकड्याबद्दल मी 'कर्जाची रक्कम' न म्हणता 'हातात आलेली रक्कम' म्हटलं. शोरूमच्या टेबलावर दुसरी गंमत तिथे होते.

६० हजारांचं कर्ज मंजूर होतं, पण ६० हजार सुटत नाहीत. समजा प्रोसेसिंग फी दोन टक्के, म्हणजे १,२००. त्यावर १८ टक्के जीएसटी, २१६. कर्जदाराच्या आयुष्याचा विमा ९८४. ही तुमच्या कंपनीची रक्कम नव्हे, मी हिशेबासाठी धरलेली आहे, तुम्हाला तुमची विचारून घ्यावी लागेल. मिळून २,४०० कापले, वापरायला मिळाले ५७,६००. हप्ता मात्र ३,१०० च, कारण तो साठावर काढलाय. सूत्रात साठाच्या जागी ५७,६०० टाका. २५.९ टक्के येतात.

आता आगाऊ हप्ता. फायनान्सवाला अगदी सहज म्हणतो, "पहिला हप्ता आताच घेतो हं, पुढे तेवीसच राहतील." ऐकणाऱ्याला वाटतं ओझं कमी झालं. खरं म्हणजे त्याने ज्या दिवशी दिले त्याच दिवशी ३,१०० परत घेतले. तुमच्या हातात राहिले ५४,५००, आणि पुढे हप्ते तेवीस.

```
=RATE(23,-3100,54500)*1200
```

उत्तर २८.४. बारा टक्के म्हणून बसलेल्या खुर्चीवरून उठताना अठ्ठावीस टक्क्यांवर सही झालेली असते, आणि यात एकही आकडा खोटा नाही. दर बारा फ्लॅटच आहे, फी दोनच टक्के आहे, हप्ते चोवीसच आहेत. प्रत्येक वाक्य खरं, फक्त ते एकत्र करून कोणी सांगत नाही.

छोट्या कर्जात हे जास्त बोचतं, त्यालाही कारण आहे. फी आणि विमा एकदाच कापला जातो, मुदत कितीही असो. वीस वर्षांच्या घरकर्जात एक टक्का फी दरात फारशी दिसत नाही, कारण ती वीस वर्षांवर पसरते. दोन वर्षांत, तेही शिलकी निम्म्यावर येत असताना, चार टक्के कपात दरात चार-सव्वाचार टक्क्यांची भर घालते. मुदत आणखी कमी झाली की विचारूच नका. म्हापशाच्या बाजारात असं कर्ज मी पाहिलंय: दहा हजार लिहायचे, हजार कापून नऊ हजार द्यायचे, आणि शंभर दिवस रोज शंभर घ्यायचे. घेणारी भाजीवाली म्हणते, "हजारच तर जातात, दहा टक्के." तिच्या हातात सरासरी साडेचार हजारांच्या आसपास असतात, तेही सव्वातीन महिने. वर्षाचा दर पंचाहत्तर टक्क्यांच्या पुढे जातो. तिला ते परवडतं का, हा वेगळा प्रश्न. सकाळी माल घेऊन संध्याकाळी विकणाऱ्याचा नफा कधी कधी तेवढा असतो. पण स्कूटर रोज नफा देत नाही.

सोसायटीचा सोळाही सोवळा नाही, हे सांगायलाच हवं. सभासद व्हावं लागतं, प्रवेश फी असते, आणि बहुतेक ठिकाणी कर्जाच्या काही टक्के रकमेचे भाग घ्यायला लावतात. समजा अडीच टक्के, म्हणजे १,५०० रुपये भागांत अडकले आणि कर्ज फिटल्यावर परत मिळाले, मधे लाभांश काहीच नाही. तर सोळाचे पावणेसतरा होतात. लाभांश मिळाला तर थोडं कमी. काही सोसायट्या कर्जाबरोबर सक्तीची ठेव किंवा रोजची पिग्मी सुरू करायला लावतात, त्याचाही परिणाम असतो, कारण तुमचाच पैसा कमी व्याजावर तिथे बसतो. सगळं धरूनही ते अठ्ठावीसच्या जवळ जात नाही. तरी विचारा.

मुदतीआधी कर्ज फेडायचा विचार असेल तर पुढचा भाग नीट वाचा. चवथीच्या आधी बोनस मिळाला, शेतातली नारळाची बाग उतरली, असं आपल्याकडे होतंच, आणि पहिला विचार येतो की कर्ज मिटवून टाकू.

माझ्या पहिल्या मोटारसायकलचं कर्ज मी नोकरीला लागण्याआधी असंच फ्लॅटवर घेतलं होतं. निम्मे हप्ते झाले, हातात पैसे आले, निम्मं मुद्दल मोजून पाकिटात घातलं आणि कंपनीच्या पणजीतल्या ऑफिसात गेलो. काउंटरवरच्या बाईंनी जो आकडा सांगितला तो ऐकून मला वाटलं दुसऱ्याचं खातं काढलंय. त्यांनी खाते उतारा छापून हातात दिला. त्यावर फ्लॅट हा शब्दच नव्हता. पहिल्या ओळीपासून घटत्या शिलकीचा हिशेब होता आणि दर मला सांगितलेल्या दराच्या पावणेदोन पटीहून जास्त. मला विकताना एक भाषा, वहीत लिहिताना दुसरी. पुढे मी याच धंद्यात आलो, त्यात त्या उताऱ्याचा थोडा हात आहे.

तुमच्या आकड्यांवर तेच बघा. बारा हप्ते भरलेत, म्हणजे ३७,२०० दिलेत. फ्लॅटच्या समजुतीने ३० हजार फिटले, ३० हजार राहिले. कंपनीच्या वहीत मात्र राहिलेले असतात सुमारे ३३,२००. कारण चोवीस महिन्यांच्या १४,४०० व्याजातलं जवळजवळ १०,४०० तिने पहिल्याच वर्षात धरलेलं असतं. त्यावर मुदतपूर्व फेडीचा आकार, समजा चार टक्के आणि जीएसटी, म्हणजे आणखी १,५६७. पाकिटात तीस हजार घेऊन गेलेल्या माणसाला जवळपास ३४,८०० चा आकडा ऐकावा लागतो. एखाद्या खाजगी देणाऱ्याच्या करारात 'उरलेले सगळे हप्ते' असंच कलम असतं. मग ३७,२०० च, लवकर फेडून एक पैसा वाचत नाही. हे कलम सहीआधी शोधायचं.

सोसायटीकडेही बारा हप्त्यांनंतर बरोबर तीस हजार उरत नाहीत बरं का. तिथे ३२,४०० च्या जवळ असतात. समान हप्त्याच्या कुठल्याही कर्जात सुरुवातीला व्याजच जास्त जातं, त्यात लबाडी नाही. फरक इतकाच की सोसायटीने पहिल्या दिवशी दिलेल्या तक्त्यात हा आकडा लिहिलेला असतो.

म्हणूनच सगळ्यात सोपी युक्ती तक्त्यातच आहे. शोरूममध्ये दरावर वाद घालू नका. "परतफेडीचा तक्ता द्या" एवढंच म्हणा, ज्यात प्रत्येक हप्त्यापुढे व्याज किती, मुद्दल किती आणि शिल्लक किती हे छापलेलं असतं. त्यातली पहिली ओळ बघा. पहिल्या महिन्याचं व्याज गुणिले बारा, भागिले कर्जाची रक्कम. तुमच्या कर्जात तिथे १,०७९ च्या आसपास छापून येईल. बाराने गुणलं की १२,९४८, भागिले साठ हजार, साडेएकवीस टक्के. सोसायटीच्या तक्त्यात पहिल्या ओळीत ८०० असतील, ते बरोबर सोळा येतात. कॅल्क्युलेटरही लागत नाही. एकच लक्षात ठेवा. कर्ज महिन्याच्या मध्यावर सुटलं आणि पहिला हप्ता पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला असला तर पहिल्या ओळीत दिवस कमी-जास्त असतात, मग दुसरी ओळ घ्या आणि पहिल्या ओळीनंतर उरलेल्या शिलकीने भागा. आणि पहिल्या ओळीत ६०० च छापलेले दिसले तर तक्ता फ्लॅट पद्धतीचा आहे, तिथे ही युक्ती चालत नाही. सरळ सूत्र वापरा.

फी आणि विमा मात्र या पहिल्या ओळीत दिसत नाही. त्यासाठी दुसरा कागद आहे, आणि तो मागणं तुमचा हक्क आहे. रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ ला परिपत्रक काढलं. त्यानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या व्यक्तिगत कर्जांत बँकेने आणि फायनान्स कंपनीने सही घेण्याआधी मुख्य तथ्य विवरण द्यायचं असतं. कागदावर बहुधा इंग्रजी आद्याक्षरं असतात, केएफएस. त्यात एपीआर नावाचा वार्षिक दर लिहावा लागतो, आणि त्यात व्याजाबरोबर प्रोसेसिंग फी, तसंच कंपनी तुमच्याकडून वसूल करून दुसऱ्याला देते तो विमा वगैरे खर्चही धरावा लागतो. माझ्या वरच्या उदाहरणात आगाऊ हप्ता नसताना तिथे २५.९ दिसायला हवेत. बाराचा आकडा त्या रकान्यात बसूच शकत नाही. एपीआर कसा काढला त्याचा तक्ता आणि परतफेडीचा तक्ता त्यासोबतच यायला हवा. ते विवरण तुम्हाला समजणाऱ्या भाषेत असावं असंही परिपत्रकात आहे, तेव्हा मराठीत मागायला लाजू नका.

त्याच परिपत्रकातल्या आणखी दोन गोष्टी शोरूममध्ये उपयोगी पडतात. विवरणात जो आकार लिहिलेला नाही, तो कर्जाच्या मुदतीत तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. आणि सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जाला विवरणातल्या अटी किमान तीन कामकाजाचे दिवस तशाच ठेवाव्या लागतात. "ऑफर आज संध्याकाळी संपते" असं कोणी म्हणालं तर गाडीच्या किमतीवरची सूट संपत असेल, कर्जाच्या अटी संपत नाहीत. विवरण घ्या, घरी न्या, तिसऱ्या दिवशी या.

विवरण दिलंच नाही किंवा त्यात नसलेली रक्कम कापली, तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी द्यायचं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, फी नाही.

तुमच्या गावच्या क्रेडिट सोसायटीला मात्र हे परिपत्रक लागू नाही. नागरी सहकारी बँक रिझर्व्ह बँकेखाली येते, पतसंस्था येत नाही. गोव्यात नोंदलेली असली तर ती गोवा सहकारी संस्था कायदा २००१ खाली, सहकारी संस्थांच्या निबंधकाकडे. म्हणजे सोसायटी एपीआर लिहून देईल ही अपेक्षा धरू नका. तिथे तक्ता आणि कपातींची यादी मागा आणि दर स्वतः काढा, वरचंच सूत्र चालतं.

शोरूममध्ये आणखी एक विचारा, आणि शक्यतो कर्जाचा विषय निघण्याआधी: रोख घेतली तर किंमत किती? फायनान्स कंपन्या डीलरला प्रत्येक कर्जामागे मोबदला देतात, त्यामुळे कर्ज काढणाऱ्याकडे विक्रेत्याचं जास्त प्रेम असतं. रोखीत दोन हजार सूट मिळत असेल आणि कर्जावर मिळत नसेल, तर ते दोन हजारही व्याजच आहे, फक्त गाडीच्या बिलात लपलेलं. सोसायटीचं कर्ज काढलं तर शोरूमच्या दृष्टीने तुम्ही रोखीचेच गिऱ्हाईक. चेक सोसायटीचा असला तरी त्यांना पूर्ण पैसे एकदम मिळतात. तेव्हा ती सूट मागायची. मात्र आरसीवर सोसायटीचा बोजा चढवायचा असेल तर ते गाडी नोंदवतानाच सांगा, नंतर पुन्हा आरटीओची फेरी पडते.

आता तुमच्या बाबांचा मुद्दा, तोही साफ चुकीचा नाही. दोन जामीनदार शोधणं म्हणजे दोन घरी जाऊन बसणं, आणि पुढे त्यांना गरज पडली तर आपणही जामीन राहणं. त्याची किंमत कुठल्याच सूत्रात येत नाही. व्याजातले ३,९०० आणि वर फी-विम्याची कपात धरली तर फरक साधारण सहा हजारांचा होतो. त्यातून सोसायटीची प्रवेश फी वजा करा. तेवढ्यासाठी शेजाऱ्याच्या उपकारात राहायचं नसेल तर शोरूमचं कर्ज घेण्यात गैर काही नाही, फक्त साडेएकवीस-सव्वीसने घेतोय हे माहीत असू द्या. घेतलंच तर आगाऊ हप्ता नको म्हणा आणि विमा ऐच्छिक आहे का ते लेखी विचारा. आगाऊ हप्ता नाकारला तर बहुतेक वेळा ऐकतात, कारण तो नाही म्हटल्यामुळे विक्री गेली असं डीलरला नको असतं. एवढ्या एका नकाराने २८.४ चे २५.९ होतात.

आणि बहिणीच्या पगाराचं खातं ज्या बँकेत आहे तिथे एकदा विचारून या. कारखान्याचा पगार दर महिन्याला जमा होत असेल तर काही बँका जामीनदाराशिवाय दुचाकी कर्ज देतात, घटत्या शिलकीवर. त्यांचा तक्ता मिळाला की तीन पहिल्या ओळी एकाखाली एक ठेवा: १,०७९, ८०० आणि बँकेचा जो असेल तो. बाबांना तेवढंच दाखवा.